सोन्याचा चार्ट: मेणबत्तीच्या रंगाआधी तिची वात वाचा

"मोबाइलवर सोन्याचा चार्ट उघडला की हिरव्या-लाल मेणबत्त्यांची रांग दिसते, बाकी काही कळत नाही. ग्रुपवर कुणी म्हणतं इथे सपोर्ट आहे, कुणी म्हणतं तिथे रेझिस्टन्स आहे. ते कुठून काढतात? मी कधी ट्रेडिंग केलेलं नाही. वर्षभरात मुलीच्या लग्नासाठी थोडं सोनं घ्यायचंय. अगदी शून्यापासून सांगाल का?"

सांगतो, पण आधी एक गोष्ट तपासा. चार्टवरचा भाव चार आकडी आहे की पाच-सहा आकडी? चार आकडी असेल आणि कोपऱ्यात XAUUSD लिहिलेलं असेल, तर तो आंतरराष्ट्रीय बाजारातला डॉलरचा भाव आहे, एका ट्रॉय औंसाचा, म्हणजे साधारण ३१.१ ग्रॅमचा. आकडा मोठा असेल तर बहुतेक तो एमसीएक्सचा, म्हणजे आपल्या कमॉडिटी एक्स्चेंजचा, रुपयांत आणि दहा ग्रॅमचा. धातू एकच असला तरी हे दोन चार्ट सारखे दिसत नाहीत. का, ते पुढे येईलच. शिकायला मात्र डॉलरचाच घ्या. मी सतरा वर्षं कमॉडिटी ब्रोकरच्या डेस्कवर बसलोय आणि नव्या मुलांना अजूनही तिथूनच सुरुवात करायला लावतो.

आता एक मेणबत्ती. बाजारात तिला सगळे कँडलच म्हणतात. पेपरात बाजार समितीचे भाव येतात ते आठवा: कांदा, किमान इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका. कँडलमध्येही किमान आणि कमाल असतात, पण 'सर्वसाधारण'च्या जागी दोन वेगळे भाव असतात. दिवस कुठल्या भावाला उघडला आणि कुठल्या भावाला बंद झाला. चार्टवर एका कँडलवर बोट ठेवलंत की वर O, H, L, C अशी चार अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे दिसतील. ओपन, हाय, लो, क्लोज. उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा जाड ठोकळा म्हणजे बॉडी. तिच्या वर-खाली निघालेली बारीक रेघ म्हणजे विक, मेणबत्तीची वातच म्हणा ना. बंद भाव उघड्या भावापेक्षा वर असेल तर हिरवी, खाली असेल तर लाल.

इथेच नवा माणूस पहिल्यांदा फसतो. हिरवी म्हणजे 'कालपेक्षा महाग' असं नाही, 'आज सकाळपेक्षा महाग' एवढंच. एमसीएक्सवर हे वारंवार दिसेल. रात्री आपला बाजार बंद झाल्यावर परदेशात भाव पडला, तर सकाळी नऊला आपल्याकडे तो कालच्यापेक्षा बराच खाली उघडतो, मग दिवसभरात थोडा सावरतो. कँडल हिरवी, पण सोनं कालच्यापेक्षा स्वस्तच.

मी शिकवताना म्हणतो, बॉडी म्हणजे ठरलेला सौदा आणि विक म्हणजे मध्येच मागून पाहिलेला भाव. दुकानदार एक भाव सांगतो, गिऱ्हाईक मान हलवतं, शेवटी तिसऱ्याच भावाला व्यवहार होतो. उपमा तंतोतंत नाही, कारण विकमध्येसुद्धा खरे सौदे झालेले असतात. पण दिवस संपताना बाजाराने तो भाव सोडून दिला, हे ती सांगते. म्हणून रंगापेक्षा विक किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला आहे, ते मी आधी बघतो.

एक खरी कँडल घेऊ. सोमवार, ४ डिसेंबर २०२३, डॉलरचा रोजचा चार्ट. सोनं उघडलं सुमारे २०७१ डॉलरला. आशियाचा बाजार नुकताच सुरू झाला होता, आपल्याकडे पहाट होती. तेवढ्यात भाव सुसाट वर गेला, २१३५ पर्यंत. तोवरचा सगळ्या इतिहासातला तो उच्चांक होता. (वेगवेगळ्या ॲपवर हा आकडा पाच-दहा डॉलरनी वेगळा दिसेल. डॉलरच्या सोन्याचा बाजार एका छताखाली नाही, त्यामुळे असं होतं.) मग उतरण लागली आणि दिवस बंद झाला २०२९ च्या आसपास, खालचं टोक २०२० च्या जवळ. आता हे मनात काढा: २०७१ ते २०२९ अशी लाल बॉडी, वर चौसष्ट डॉलरची विक, खाली जेमतेम नऊ डॉलरची. म्हणजे वरची विक बॉडीच्या दीडपट. सकाळी बातमी काय असणार? 'सोन्याचा विक्रमी उच्चांक'. कँडल मात्र सांगत होती की वर गेलेला भाव संध्याकाळपर्यंत कुणी टिकवून धरला नाही.

अशा आकाराला शूटिंग स्टार की आणखी काही, यावर लोक वाद घालतात. नावांत अडकू नका. आकाराचं नाव कळून फारसं हाती लागत नाही. तो आकार कुठे तयार झाला, हे कळलं तर बरंच लागतं. आणि ४ डिसेंबरची कँडल फार बोलक्या जागी तयार झाली होती.

ती जागा बघायला चार्ट रोजच्यावरून आठवड्यावर न्या, D ऐवजी W, आणि २०२० पर्यंत मागे जा. ऑगस्ट २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या वर्षी, सोनं २०७५ पर्यंत गेलं आणि तिथून पडलं. ११ ऑगस्टला तर एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं, मार्चमध्ये सोनं पुन्हा २०७० ला पोचलं आणि परत फिरलं. त्याच वर्षी शरद ऋतूत ते १६२० च्याही खाली होतं. मार्च २०२३ पासून अमेरिकी बँका बुडायला लागल्या, मे महिन्यात सोनं २०८० च्या आसपास, आणि पुन्हा माघार. तिन्ही वेळा कारण वेगळं, वर्ष वेगळं, पण भाव अडला तो जवळपास एकाच ठिकाणी. याला रेझिस्टन्स म्हणतात, पेपरात 'अडथळा पातळी' छापतात. उलट, पडणारा भाव जिथे पुन्हा पुन्हा थांबतो आणि वर वळतो, तो सपोर्ट किंवा आधार.

ग्रुपवरचे लोक हे 'काढतात' म्हणजे एवढंच करतात. गुपित सूत्र वगैरे काही नाही. आठवड्याच्या चार्टवर भाव जिथून ठळकपणे वळला ती टोकं शोधायची, आणि दोन किंवा जास्त टोकं जवळजवळ एका उंचीवर आली तर तिथे खूण करायची. मी फक्त रेघ मारत नाही, पट्टा काढतो. वरच्या उदाहरणात २०७० ते २०८० असा दहा डॉलरचा पट्टा, म्हणजे अर्धा टक्का. बाजाराला तुमची रेघ दिसत नसते, तो चार-आठ डॉलर इकडेतिकडे करणारच. एकच रेघ मारणारा माणूस दर वेळी 'तुटली, तुटली' म्हणून ओरडतो. आणि स्क्रीनवर तीन-चारपेक्षा जास्त पट्टे झाले असतील तर बरेचसे पुसून टाका. सगळीकडेच अडथळा दिसायला लागला की चार्टचा उपयोग संपला.

पण भाव तिथेच का अडतो? यात जादू नाही, माणसं आहेत. २०२० मध्ये २०७० ला घेतलेल्याचे पैसे दोन-तीन वर्षं अडकलेले. भाव परत तिथे आला की तो म्हणतो, मुद्दल सुटली तरी पुरे, आणि विकून मोकळा होतो. दुसरा, ज्याने मागच्या वेळी तिथे विकून नफा कमावला, तो याही वेळी तिथेच विकायला उभा राहतो. तिसरे आम्ही, म्हणजे डेस्कवरचे लोक. सगळ्यांच्या स्क्रीनवर तोच पट्टा असल्यामुळे ऑर्डरीही तिथेच लागलेल्या असतात. प्रत्येक धडकेत यातले काही विकणारे संपतात. म्हणून 'तीनदा टिकला म्हणजे पट्टा मजबूत' हे अर्धंच खरं आहे. तीनदा धडक बसलेल्या दारामागे चौथ्या वेळी किती माणसं उरलीत, ते चार्टवर लिहिलेलं नसतं.

आता ४ डिसेंबरकडे परत या. त्या पहाटे भाव पट्ट्याच्या वर पंचावन्न डॉलर गेला होता. ज्याने २१२० ला 'ब्रेकआउट झाला', म्हणजे अडथळा तुटला, म्हणून घेतलं, तो रात्रीपर्यंत नव्वद डॉलर खाली होता. दिवस बंद झाला तो पट्ट्याच्या खाली. म्हणून माझा नियम साधा आहे: भाव पट्ट्यापलीकडे गेला की नाही हे मी विचारत नाही, पलीकडे बंद झाला का हे विचारतो. रोजच्या चार्टवर बंद झाला तर कान टवकारायचे, आठवड्याच्या चार्टवर स्पष्टपणे बंद झाला तर मानायचं.

पुढे काय झालं बघा. डिसेंबरच्या मध्यावर सोनं १९७३ च्या आसपास थांबून वळलं. फेब्रुवारीच्या मध्यावर १९८४ च्या आसपास. दोन टोकं, जवळजवळ एकाच उंचीवर: हा झाला सपोर्टचा पट्टा. वर २०८०, खाली १९७५, मध्ये कोंडलेला भाव. मग शुक्रवार, १ मार्च २०२४. दिवस बंद झाला २०८२ च्या आसपास, लांब हिरवी बॉडी, वरची विक नावापुरती. सोमवारी २११४ च्या जवळ बंद. त्या आठवड्याच्या शेवटी भाव २१७० च्या वर बंद झाला आणि साडेतीन वर्षांचा अडथळा गेला. एप्रिलमध्ये सोनं २४०० च्या पलीकडे होतं.

४ डिसेंबर आणि १ मार्चच्या कँडल शेजारी शेजारी ठेवून पाहा. त्यातली पहिलीच जास्त उंच गेली होती. पण ती उंची सगळी विकमध्ये होती, मार्चची होती ती बॉडीत. एवढा फरक डोळ्यांना दिसायला लागला की तुमचं बरंचसं काम झालं.

या नियमाला किंमत मोजावी लागते, तेही सांगतो. आठवड्याच्या क्लोजिंगची वाट पाहणाऱ्याला मार्चमध्ये पट्ट्यापेक्षा सुमारे शंभर डॉलर जास्त मोजावे लागले. घाई केलेला डिसेंबरमध्ये अडकला, थांबलेल्याने मार्चमध्ये महाग घेतलं. दोन्ही टाळणारी पद्धत मला अजून सापडलेली नाही. पैसे उद्या लागणार आहेत की दोन वर्षांनी, यावर कुठली चूक परवडेल ते ठरतं.

आणखी एक गोष्ट याच चार्टवर दिसते. मार्चमध्ये उसळी मारून झाल्यावर भाव मागे आला तो २१४५ च्या आसपास थांबला आणि तिथून पुन्हा वर गेला. म्हणजे ४ डिसेंबरच्या विकचं टोक जिथे होतं, जवळपास तिथेच. ओलांडलेला अडथळा पुष्कळदा आधार बनतो, कारण ज्यांची संधी हुकली ते 'परत त्या भावाला आलं की घेऊ' म्हणून दबा धरून असतात. पुष्कळदा, नेहमी नाही.

सपोर्ट तुटतो तेव्हा काय होतं, हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. सप्टेंबर २०११ ला सोन्याने १९२० चा तेव्हाचा उच्चांक केला होता. त्यानंतर ते तीन वेळा १५२० ते १५३५ च्या पट्ट्यात येऊन वर वळलं: सप्टेंबर २०११, डिसेंबर २०११, मे २०१२. एप्रिल २०१३ मध्ये चौथ्यांदा तिथे आलं. १२ तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी मी एमसीएक्सवर गोल्ड मिनी फ्युचर्सचा, म्हणजे वायदा कराराचा, एक लॉट घेतला, शंभर ग्रॅमचा. मनात हिशेब एवढाच की तीनदा टिकलंय, चौथ्यांदाही टिकेल. कँडल अजून बंद झालेली नव्हती. रात्री ती बंद झाली १४८० च्या आसपास, पट्ट्याच्या बऱ्याच खाली, आणि खालची विक जवळपास नाहीच. मी ती घरी मोबाइलवर पाहिली आणि 'सोमवारी सावरेल' म्हणून झोपलो. सोमवारी एका दिवसात सोनं नऊ टक्क्यांच्या आसपास पडलं. पट्ट्याखाली हजारो लोकांचे स्टॉपलॉस, म्हणजे 'इथे आलं तर आपोआप विका' अशा ऑर्डरी लागलेल्या असतात. एक विकला गेला की भाव खाली, भाव खाली की पुढचा विकला जातो. मार्जिनसाठी, म्हणजे तारण म्हणून आणखी पैसे भरा असा, ब्रोकरचा फोन आला आणि लॉट तोट्यात सोडावा लागला. त्याच आठवड्यात सराफांच्या दुकानांत स्वस्त सोनं घ्यायला झुंबड उडाली होती, आणि जूनअखेर भाव १२०० च्याही खाली गेला होता.

त्यातून एक सवय लागली, ती तुम्हीही लावून घ्या. कँडल बंद होईपर्यंत ती वाचायची नाही. सोन्याची खरी हालचाल आपल्या संध्याकाळी होते, कारण तेव्हा अमेरिका जागी होते. तिथल्या नोकऱ्यांचे आणि महागाईचे आकडे आपल्याकडे उन्हाळ्यात सहाला आणि हिवाळ्यात सातला येतात. पाच वाजता सुंदर हिरवी दिसणारी कँडल नऊ वाजता लाल झालेली मी असंख्य वेळा पाहिली आहे.

आता रुपयाच्या चार्टकडे. एमसीएक्सवरचा भाव म्हणजे डॉलरचा भाव, त्याला डॉलर-रुपयाचा दर आणि वर आयात शुल्क. या तिघांपैकी कुणीही हललं की आपली कँडल हलते. ऑगस्ट २०२० मध्ये एमसीएक्सवर सोनं ५६,१९१ पर्यंत गेलं होतं. तो अडथळा जानेवारी २०२३ मध्ये ओलांडला गेला, तेव्हा डॉलरमध्ये सोनं जेमतेम १९००-१९३० ला होतं, स्वतःच्या पट्ट्यापासून कितीतरी लांब. मधल्या काळात रुपया ७५ वरून ८१-८२ वर घसरला होता आणि जुलै २०२२ मध्ये शुल्क वाढून पंधरा टक्के झालं होतं. उलटं उदाहरण २३ जुलै २०२४ चं. अर्थसंकल्पात शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आणलं आणि एमसीएक्सवर दहा ग्रॅममागे चार हजारांच्या आसपास घसरणारी लांबलचक लाल कँडल उमटली. डॉलरच्या चार्टवर त्या दिवशी सोनं किंचित वाढलंच होतं. ती लाल कँडल बघून कुणी 'विक्रेते आले' म्हणत असेल तर ते चूक आहे. आले होते ते अर्थमंत्री.

म्हणून पट्टे मी डॉलरच्या चार्टवर काढतो आणि रुपयाचा चार्ट खिशाला काय लागणार ते बघायला वापरतो. एमसीएक्सचा सलग चार्ट बघताना दर दोन महिन्यांनी करार बदलतो, तेव्हा मध्ये एक उडी दिसते. पुढच्या महिन्याचा करार सहसा थोडा महाग असतो म्हणून ती येते. तिला ब्रेकआउट समजू नका. शिवाय ४ डिसेंबरची ती पहाटेची विक एमसीएक्सच्या चार्टवर तेवढी उंच दिसणारच नाही. आपला बाजार नऊला उघडला तोवर भाव बराच उतरला होता.

लग्नाच्या सोन्याबद्दल: कँडलच्या खालच्या टोकाचा भाव तुम्हाला दुकानात कधीच मिळणार नाही. सराफ दिवसाचा दर लावतो, त्यावर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी. विकमधला स्वस्त भाव पाच-दहा मिनिटं टिकतो. त्यामुळे दिवस साधण्याच्या मागे लागू नका. वर्ष हातात आहे, तर जेवढे ग्रॅम घ्यायचे त्याचे चार-पाच भाग करा. भाव आठवड्याच्या चार्टवर सपोर्टच्या पट्ट्यात येऊन, खालची लांब विक सोडून पट्ट्याच्या वर बंद झाला, तर त्या आठवड्यात एक भाग घ्या. तीन महिन्यांत तसं घडलंच नाही तर भाव असेल त्या भावाला एक भाग घेऊन टाका. लग्नाची तारीख चार्टसाठी थांबणार नाही. आणि ग्रुपवर कुणी यासाठी फ्युचर्स घ्या म्हणालं तर माझा गोल्ड मिनीचा लॉट आठवा.

आज रात्री एवढंच करा. XAUUSD, आठवड्याचा चार्ट. स्क्रीन सरकवून नोव्हेंबर २०२३ च्या पुढचं सगळं उजवीकडे झाकून ठेवा. २०७० ते २०८० चा पट्टा स्वतःच्या हाताने काढा. मग रोजच्या चार्टवर जाऊन एकेक कँडल उघडत या आणि प्रत्येकीचा फक्त बंद भाव कागदावर लिहा. ४ डिसेंबर आली की पेन खाली ठेवा आणि त्या क्षणी तुम्ही काय केलं असतं ते लिहून मगच पुढची उघडा.